एक स्माइली आणि तीन एसएमएस: दवाखान्याच्या रिमाइंडर मेसेजमागचं गणित

दातांच्या डॉक्टरांकडे अपॉइंटमेंट असली की आदल्या दिवशी मोबाइलवर एक छोटा मेसेज येतो. उद्या अमुक वाजता या, जमत नसेल तर कळवा, आणि शेवटी एखादी हसरी इमोजी. आपण तो दोन सेकंदांत वाचतो आणि विसरतो. पण हा मेसेज साध्या एसएमएसने पाठवला असेल, तर त्या शेवटच्या स्माइलीमुळे एका मेसेजचे तीन झालेले असू शकतात. आणि गंमत म्हणजे तोच मेसेज इंग्रजी अक्षरांतल्या मराठीऐवजी सरळ देवनागरीत लिहिला, तर तीनाचे दोन होतात.

हे कसं होतं ते आज आपण एकच मेसेज हातात घेऊन, त्यातली अक्षरं मोजून बघू. उदाहरणासाठी मी विश्रांतवाडीतला एक छोटा दवाखाना धरतो. दोन डॉक्टर, एक रिसेप्शनिस्ट ताई, आणि दवाखान्याचा म्हणून ठेवलेला एक साधा अँड्रॉइड फोन. महागडं सॉफ्टवेअर नाही. रोज दुपारी ताई उद्याच्या यादीतल्या सगळ्यांना मेसेज करतात. असे दवाखाने धानोरीपासून टिंगरेनगरपर्यंत जागोजागी दिसतील. तुमच्या घरात किंवा ओळखीत कुणाचा दवाखाना, क्लास, पार्लर असेल तर हेच गणित तिथेही चालेल.

## एसएमएसचं पाकीट केवढं?

एसएमएस म्हणजे ठरावीक मापाचं पाकीट समजा. त्यात १४० बाइट मावतात, म्हणजेच ११२० बिट. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये पाठवला गेला, तेव्हापासून हे माप बदललेलं नाही. फोन 5G झाला तरी साध्या एसएमएसचं पाकीट तेवढंच.

आता या पाकिटात किती अक्षरं बसतात हे अक्षर केवढं आहे यावर ठरतं. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि नेहमीची विरामचिन्हं यांच्यासाठी एक छोटी यादी ठरवलेली आहे. त्या यादीतल्या प्रत्येक चिन्हाला फक्त ७ बिट लागतात. ११२० भागिले ७, म्हणजे १६०. 'एसएमएसला १६० अक्षरं' हे जे आपण ऐकत आलोय, ते इथून आलं.

पण त्या यादीत देवनागरी नाही. इमोजी तर नाहीच नाही. मेसेजमध्ये यादीबाहेरचं एक जरी चिन्ह आलं, तरी फोन ती छोटी यादी बाजूला ठेवतो आणि युनिकोडची पद्धत घेतो. त्यात प्रत्येक जागेला १६ बिट लागतात. ११२० भागिले १६, म्हणजे ७०.

इथली मेख नीट लक्षात घ्या. फक्त इमोजीला जास्त जागा लागते असं नाही. इमोजी आली की आख्ख्या मेसेजची पद्धत बदलते. आधी ७ बिटांत बसणारी सगळी इंग्रजी अक्षरंही आता प्रत्येकी १६ बिट घेऊ लागतात. म्हणून एक स्माइली टाकली की मर्यादा १६० वरून एकदम ७० वर येते.

मेसेज ७० च्या वर गेला की फोन त्याचे तुकडे करतो. कुठला तुकडा कितवा हे समोरच्या फोनला कळावं म्हणून प्रत्येक तुकड्यात ६ बाइटची चिठ्ठी लावावी लागते. त्यामुळे उरतात १३४ बाइट, म्हणजे प्रत्येक तुकड्यात ६७ जागा. दोन तुकडे म्हणजे १३४ जागा, तीन तुकडे म्हणजे २०१.

## आता खरा मेसेज मोजू

आपल्या दवाखान्यातल्या ताई बऱ्याच जणांसारखं मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. त्यांचा मेसेज असा:

```
Namaskar! Udya budhvari sandhyakali 6.30 la daatanchi appointment aahe. Jamat nasel tar yach number var kalva. - Dental Clinic, Vishrantwadi
```

मोकळ्या जागा धरून हे १४० होतात. मर्यादा १६०. एका एसएमएसमध्ये आरामात बसतो आणि वर २० जागा उरतात.

मग वाटतं, जरा कोरडा आहे, शेवटी 😊 टाकू. एक मोकळी जागा आणि एक स्माइली. स्माइली दिसायला एक असली तरी युनिकोडच्या हिशोबात ती २ जागा घेते, कारण तिचा नंबर १६ बिटांत मावण्यापेक्षा मोठा आहे. एकूण झाले १४३. पण आता मर्यादा ७० ची आहे. १४३ हे १३४ पेक्षाही जास्त आहेत, म्हणून दोन तुकड्यांतही बसत नाहीत. मेसेज जातो तीन एसएमएस होऊन.

म्हणजे एका स्माइलीने एकाचे तीन केले.

आता अगदी हाच मेसेज, शब्द न बदलता, देवनागरीत लिहू आणि स्माइली तशीच ठेवू:

```
नमस्कार! उद्या बुधवारी संध्याकाळी ६.३० ला दातांची अपॉइंटमेंट आहे. जमत नसेल तर याच नंबरवर कळवा. - डेंटल क्लिनिक, विश्रांतवाडी 😊
```

देवनागरी मोजताना काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त हे सगळे वेगळे धरायचे. प्रत्येकाला एक जागा. म्हणजे 'उद्या' हा शब्द उ, द, हलन्त, य, काना असा ५ जागांचा. 'विश्रांतवाडी' १२ जागांचा. असं मोजत गेलं की हा मेसेज स्माइलीसकट १२७ जागांचा होतो. १३४ च्या आत. म्हणजे दोन एसएमएस.

देवनागरी स्वस्त का पडली? कारण 'न', 'म', 'स' यांत 'अ' आपोआप असतो, तो वेगळा टाइप करावा लागत नाही. इंग्रजी अक्षरांत 'kalva' मध्ये प्रत्येक स्वर वेगळा लिहावा लागतो. 'sandhyakali' ला ११ जागा, 'संध्याकाळी' ला १०. 'nasel' ला ५, 'नसेल' ला ४. थोडं थोडं वाचत जातं.

तेव्हा हिशोब असा: इमोजी अजिबात नको असेल तर इंग्रजी अक्षरांतला मेसेज सगळ्यात स्वस्त. पण इमोजी हवीच असेल, तर इंग्रजी अक्षरांचा फायदा तिथेच संपतो आणि मराठीत लिहिणं परवडतं. देवनागरीत आपण आधीच ७० च्या घरात असतो, त्यामुळे तिथे स्माइलीचा खर्च फक्त तिच्या २ जागांचा.

आता कुणी म्हणेल, एसएमएस तर फुकट आहेत, तीन गेले काय आणि दोन गेले काय. पण बहुतेक रिचार्जमध्ये दिवसाला १०० एसएमएस मिळतात आणि तुकडे वेगवेगळे मोजले जातात. समजा उद्याच्या यादीत ३५ जण आहेत. तीन तुकड्यांनी १०५ एसएमएस होतात. म्हणजे यादीतल्या शेवटच्या दोन जणांपर्यंत पोहोचता पोहोचता कोटा संपतो, आणि मेसेज कुणाला गेला नाही हे ताईंना कळेलच असं नाही. दोन तुकड्यांनी ७० होतात आणि काम भागतं.

शिवाय तुकडे एकामागोमाग पोहोचतीलच याची खात्री नसते. बरेच फोन सगळे तुकडे आल्यावरच मेसेज दाखवतात. एखादा तुकडा अडकला तर पूर्ण मेसेज उशिरा दिसतो, किंवा काही फोनवर अर्धाच दिसतो. म्हणून महत्त्वाची माहिती पहिल्या ६७ जागांत असावी. वरच्या मराठी मेसेजमध्ये 'आहे.' आणि त्यानंतरची मोकळी जागा धरून ६६ होतात. म्हणजे पहिला तुकडा एकटा पोहोचला तरी वार आणि वेळ कळते.

## स्वतः मोजून बघायचं असेल तर

कॉम्प्युटरवर क्रोममध्ये कुठलंही पान उघडा, `F12` दाबा आणि `Console` मध्ये हे टाइप करा:

```
"विश्रांतवाडी".length   // 12
"😊".length   // 2
"👩‍⚕️".length   // 5
```

जावास्क्रिप्टचं `length` नेमक्या याच १६ बिटांच्या जागा मोजतं, त्यामुळे युनिकोड एसएमएससाठी हा आकडा जसाच्या तसा वापरता येतो. ७० पर्यंत असेल तर एक एसएमएस. त्यापुढे असेल तर ६७ ने भागा आणि उत्तर अपूर्णांकात आलं तर वरचा पूर्णांक घ्या.

मेसेज इंग्रजी अक्षरांत आहे, इमोजी एकही नाही, तरी तुकडे जास्त पडतायत असं दिसलं तर अवतरण चिन्हं तपासा. वर्डमधून मजकूर कॉपी केला की सरळ ' च्या जागी वाकडं ’ येतं. ते छोट्या यादीत नाही. त्या एका चिन्हामुळे सगळा मेसेज युनिकोडमध्ये जातो. ₹ चंही तसंच आहे, त्याऐवजी `Rs` लिहिलं की प्रश्न मिटतो.

दोन्ही फोनवर गूगल मेसेजेसमध्ये आरसीएस चालू असेल, तर मेसेज इंटरनेटवरून जातो आणि ही मर्यादा लागत नाही. पण समोरच्याचा डेटा बंद असेल किंवा साधा बटणांचा फोन असेल, तर तोच मेसेज पुन्हा एसएमएसच्या पाकिटात घालावा लागतो. दवाखान्याच्या यादीत आजी-आजोबा असतातच, म्हणून हिशोब एसएमएसचाच धरावा.

## कुठली इमोजी, आणि कुठे?

सगळ्या इमोजी दिसायला एकेकच असल्या तरी जागा वेगवेगळी घेतात. ⏰ ला फक्त १ जागा लागते. 😊, 🙏, 🦷 आणि 📅 यांना प्रत्येकी २. 👩‍⚕️ म्हणजे प्रत्यक्षात एक बाई, एक न दिसणारा सांधा, वैद्यकाचं चिन्ह आणि 'हे रंगीत दाखव' असं सांगणारं आणखी एक न दिसणारं चिन्ह, मिळून ५ जागा. आणि चौकटीतले आकडे तर फारच महाग. `6️⃣:3️⃣0️⃣` असं लिहिलं तर वेळेलाच १० जागा जातात. '६.३०' ला ४ लागतात. शिवाय चौकटीतला आकडा शोधताना सापडत नाही, तो वेगळा तोटा.

दुसरी गोष्ट, मेसेजमधून चित्र जात नाही, फक्त चित्राचा नंबर जातो. चित्र समोरचा फोन काढतो. त्याच्याकडे ते नसेल तर तिथे रिकामी चौकट दिसते. दाताची 🦷 ही इमोजी युनिकोडमध्ये २०१८ साली आली. त्याआधीच्या आणि अपडेट न झालेल्या फोनवर ती चौकोन होऊन पोहोचते. दाताच्या दवाखान्याला हीच इमोजी सगळ्यात आधी सुचते, पण जुने फोन वापरणाऱ्यांना हीच नेमकी दिसत नाही. 😊 आणि 🙏 या त्यापेक्षा बऱ्याच जुन्या, त्यामुळे जवळपास सगळीकडे दिसतात.

एकच नंबर असला तरी प्रत्येक कंपनी चित्र आपापल्या पद्धतीने काढते. 💉 हे चांगलं उदाहरण. ॲपलच्या फोनवर आधी या सुईतून रक्ताचे थेंब पडताना दिसायचे. लसीकरणाच्या काळात, २०२१ मध्ये, ॲपलने ते थेंब काढून टाकले. पण ज्याला मुळातच दाताच्या खुर्चीची धास्ती आहे, त्याला आदल्या दिवशी सुई दाखवायचीच कशाला? 😬 चंही तेच. यात दात दिसतात म्हणून कुणी टाकतं, पण वाचणाऱ्याला ती 'बाप रे' अशी वाटते.

आणि इमोजी एकच पुरे. ज्यांना नीट दिसत नाही ते फोनचं टॉकबॅक वापरतात. ते प्रत्येक इमोजीचं नाव मोठ्याने वाचतं. ओळीने पाच हसरे चेहरे टाकले तर त्या माणसाला तेच नाव पाच वेळा ऐकावं लागतं आणि मधे वेळ कुठे सांगितली ते हरवतं. म्हणून इमोजी वाक्याच्या मधे नको, आकड्याला चिकटून नको, अगदी शेवटी. शेवटी असली आणि एखाद्या फोनवर चौकोन दिसला, तरी वेळ आणि वार शाबूत राहतात. लांब मेसेजमध्ये आणखी एक धोका असतो: इमोजीच्या दोन जागा बरोबर दोन तुकड्यांच्या हद्दीवर आल्या, तर काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तिचे दोन निरर्थक चौकोन होतात.

## एकाच एसएमएसमध्ये बसेल का?

बसतो. पण त्यासाठी इमोजीला कामाला लावावं लागतं. 'नमस्कार! ' ला ९ जागा जातात. 🙏 ला २. आपल्याकडे 🙏 चा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही, तो नमस्कारच आहे. मग शब्द काढून चित्र ठेवू:

```
उद्या बुध. सायं. ६.३० ला भेटूया. जमत नसेल तर कळवा. - डेंटल क्लिनिक 🙏
```

मोजून बघा, ६९ होतात. एक जागा शिल्लक. 'ला या' असं लिहिलं असतं तर आणखी चार जागा वाचल्या असत्या, पण तो हुकूम वाटतो. 'भेटूया' मध्ये आपलेपणा आहे आणि तो चार जागांना महाग नाही.

या मेसेजमधून दोन गोष्टी गेल्या. एक म्हणजे विश्रांतवाडी हे नाव. ज्या रुग्णाने दवाखान्याचा नंबर सेव्ह केलाय, त्याला ते लागत नाही. पण पहिल्यांदाच येणाऱ्याला अनोळखी नंबरवरून नुसतं 'डेंटल क्लिनिक' आलं तर तो बुचकळ्यात पडेल. त्यामुळे मी दोन मेसेज तयार ठेवायला सांगेन. नवीन माणसाला १२७ जागांचा, नेहमीच्याला ६९ जागांचा. खरा दवाखाना 'डेंटल क्लिनिक' च्या जागी स्वतःचं नाव लिहील, तेव्हा तेवढ्या जागा पुन्हा मोजाव्या लागतील. नाव मोठं असेल तर एका एसएमएसचा हट्ट सोडून द्यावा.

दुसरी गेलेली गोष्ट म्हणजे 'दातांची'. ती गेली ते बरंच. मेसेज लॉक स्क्रीनवर दिसतो. फोन कधी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातात असतो, कधी ऑफिसच्या टेबलावर उलथा न ठेवलेला. तिथे 'रूट कॅनलचं दुसरं सिटिंग' किंवा 'बाकी ४००० रुपये घेऊन या' हे दिसायचं कारण नाही. कुणाला कवळी बसवायचीय, कुणाचे दात लग्नाआधी सरळ करायचेत, हा त्या माणसाचा खासगी मामला आहे. रिमाइंडरला वार, वेळ, कुणाकडून आणि बदल कसा कळवायचा एवढंच पुरतं. उपचार काय आहे हे रुग्णाला माहीत असतं.

'उद्या' च्या पुढे वार का ठेवला हेही सांगतो. फोन बंद असेल तर एसएमएस नेटवर्ककडे थांबून राहतो आणि फोन चालू झाल्यावर येतो. मंगळवारी दुपारी पाठवलेला मेसेज बुधवारी सकाळी उघडला, तर नुसता 'उद्या' वाचून माणूस गुरुवारी येईल. सोबत 'बुध.' असेल तर तो थबकेल आणि तारीख बघेल.

## व्हॉट्सॲपवर हे सगळं सुटतं का?

अक्षरांचा प्रश्न सुटतो. व्हॉट्सॲप इंटरनेटवर चालतं, तिथे १४० बाइटचं पाकीट नाही, त्यामुळे इमोजीने तुकडे पडत नाहीत. व्हॉट्सॲप बिझनेस ॲप फुकट आहे आणि त्यात 'क्विक रिप्लाय' नावाची सोय आहे. मेसेज एकदा सेव्ह करायचा, मग चॅटमध्ये `/` टाइप करून तो निवडायचा आणि फक्त वार आणि वेळ बदलायची.

पण दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं ब्रॉडकास्ट लिस्ट. ताईंनी सगळ्यांना एकदम मेसेज पाठवला, पण ज्यांनी दवाखान्याचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही, त्यांना तो पोहोचतच नाही. काही चुकलं असंही दिसत नाही. एकच टिक राहिली आणि दुसरी आली नाही, एवढीच खूण. म्हणून पहिल्या भेटीतच रुग्णाला 'आमचा नंबर सेव्ह करून घ्या' असं सांगावं लागतं.

दुसरं, ब्रॉडकास्ट जमत नाही म्हणून 'उद्याचे पेशंट' असा ग्रुप काढणं. हे करू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. शेजारच्या सोसायटीतले काका आणि त्यांची सून एकाच दिवशी वेगवेगळ्या वेळेला दाताला येतायत, हे सगळ्यांना सांगायचं दवाखान्याला काही कारण नाही.

वेळ बदलायची असेल तेव्हाचा मेसेज वेगळा लिहावा. आळंदीहून माउलींची पालखी पुण्याकडे येते ती विश्रांतवाडीवरून, आणि त्या दिवशी आळंदी रस्त्यावरची वाहतूक वळवलेली असते. त्या दिवसाच्या अपॉइंटमेंट पुढे ढकलायच्या असतील, तर नेहमीचाच मेसेज थोडा बदलून पाठवू नका. सुरुवात आणि इमोजी तीच दिसली तर लोक न वाचता पुढे जातात. पहिला शब्दच 'बदल:' असू द्या, नवी वेळ लगेच त्यापुढे, आणि हसरा चेहरा नको. ज्याने सुट्टी काढून ठेवलीय त्याला तो खटकतो.

## मेसेज खरा आहे हे कसं ओळखायचं?

आता मेसेज येणाऱ्याच्या बाजूने बघू. एखादा दवाखाना सॉफ्टवेअर कंपनीमार्फत मेसेज पाठवत असेल, तर पाठवणाऱ्याच्या जागी मोबाइल नंबर दिसत नाही. तिथे `XX-ABCDEF-S` अशा साच्यातलं नाव दिसतं. पहिली दोन अक्षरं मोबाइल कंपनी आणि विभाग सांगतात, मधली सहा अक्षरं पाठवणाऱ्याचं नोंदवलेलं नाव. शेवटी `S` असेल तर सेवा, `P` म्हणजे जाहिरात, `T` म्हणजे व्यवहार आणि `G` म्हणजे सरकारी. ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार हे नाव आणि मेसेजचा साचा दोन्ही आधी नोंदवावे लागतात, आणि शेवटचं अक्षर २०२५ पासून दिसायला लागलं. अपॉइंटमेंटची आठवण `S` मध्ये येते. 'दात पांढरे करा, ३० टक्के सूट' हे `P` मध्ये यायला हवं.

छोट्या दवाखान्याचा मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरूनही येतो, आणि तोतये लोकही तसेच नंबर वापरतात. तेव्हा नंबरपेक्षा मेसेज काय मागतोय ते बघा. खरा रिमाइंडर तुमच्याकडे काहीच मागत नाही. वरचे दोन्ही मेसेज पुन्हा वाचा: त्यात लिंक नाही, ओटीपी नाही, पैसे नाहीत, कुठली फाइल उतरवायची नाही. 'अपॉइंटमेंट पक्की करायला १० रुपये भरा' असं म्हणत लिंक आली, किंवा `.apk` ने संपणारी फाइल आली, तर थांबा. ते ॲप फोनमधले मेसेज वाचायची परवानगी मागतं, आणि मग बँकेचा ओटीपी वाचणं त्याला सोपं असतं. लिंकवर न जाता दवाखान्याच्या कार्डावरचा किंवा जुन्या पावतीवरचा नंबर लावा आणि विचारा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा.

दवाखानावाल्यांनी यातून एक गोष्ट घ्यावी. रिमाइंडरमध्ये गूगल मॅपची किंवा फीडबॅकची लिंक टाकायचा मोह होतो. ती टाकली की तुमचा खरा मेसेज खोट्यासारखा दिसायला लागतो आणि ६७ जागांतल्या बऱ्याच जागाही खातो. पत्ता पहिल्या भेटीच्या वेळीच द्या. रिमाइंडरमध्ये वार, वेळ, नाव, 'जमत नसेल तर कळवा' आणि शेवटी एक 🙏 पुरे.